प्रबंधाखाली काय दडलंय? ४१ टक्क्यांच्या सिमिलॅरिटी रिपोर्टची गोष्ट

माझ्या पीएचडीतला दुसरा पेपर रिव्ह्यूअरपर्यंत पोहोचलाच नाही. एका परदेशी नियतकालिकाच्या कार्यालयाने तो टेक्निकल चेकमध्येच परत पाठवला. मेल चार ओळींचा होता: सिमिलॅरिटी, म्हणजे आधीच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, ४१ टक्के आहे, ती २० च्या खाली आणून पुन्हा सबमिट करा. सोबत रिपोर्टची पीडीएफ. ती उघडली तर पहिल्या पानापासून लाल, जांभळा, निळा असे पट्टे, आणि शेवटच्या यादीत सर्वांत वर तीनदा शोधगंगा, भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. म्हणजे माझा स्वतःचाच प्रबंध.

विषय सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. यवतमाळ जिल्ह्यातल्या भूजलातलं फ्लोराइड. पांढरकवडा, झरी जामणी, वणी या पट्ट्यातल्या विहिरी आणि हातपंपांचं पाणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा गोळा केलं होतं. पहिल्या पेपरमध्ये पावसाळ्याआधीचे नमुने आणि पाण्याचं रसायन होतं, तो आधीच छापून आला होता. हा दुसरा पेपर दोन्ही हंगामांची तुलना आणि लहान मुलांना असलेला आरोग्याचा धोका यावर. दोन्हींचा कच्चा माल एकाच प्रबंधातला, आणि यूजीसीच्या नियमाप्रमाणे तो प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर जगाला खुला.

कॉलेजात ही गोष्ट सांगितली तेव्हा दोन टोकाची मतं ऐकायला मिळाली. एक सहकारी म्हणाले, "स्वतःच्या प्रबंधातलं घेतलं तर ती चोरी कशी? तसंच लिहून पाठवा त्यांना." दुसऱ्यांनी यूजीसीचे वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम काढून दाखवले: १० टक्क्यांपर्यंत ठीक, १० ते ४० हा पहिला स्तर, त्यात हस्तलिखित मागे घ्यायला सांगतात, ४० च्या वर एक वेतनवाढ थांबते आणि दोन वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. "तुमचे तर ४१ आहेत," हे त्यांनी वर जोडलं. नियम खरे आहेत, पण त्या १० टक्क्यांत काय मोजायचं नाही तेही तिथेच लिहिलंय: संदर्भसूची, योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, प्रमाण समीकरणं, आणि योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे. नियतकालिकाच्या ४१ मध्ये यातलं बरंच काही धरलेलं असतं. दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नव्हता.

माझ्या गाईड सरांना फोन केला. ते म्हणाले, "पीडीएफ बघून काही कळायचं नाही गं. ती नुसता फोटो आहे. लायब्ररीत बसून रिपोर्ट जिवंत उघड, सोर्स एकेक काढून बघ, मग बोलू." विद्यापीठाच्या ग्रंथालयात आयथेंटिकेट हे मजकूर जुळवून बघणारं सॉफ्टवेअर होतं. क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेच्या सिमिलॅरिटी चेक सेवेमागेही तेच असतं, आणि बहुतेक मोठे प्रकाशक तीच सेवा वापरतात. हे महत्त्वाचं, कारण कॉलेजात वापरतात ते सॉफ्टवेअर वेगळं असेल तर त्याचा साठा वेगळा आणि आकडाही वेगळा येतो. ग्रंथपाल मॅडमनी फाइल चढवली. तिथेही ४१.

आता मोजणी. पेपर साधारण ६४०० शब्दांचा. आधी संदर्भसूची वगळली. सूची कुणाचीही असली तरी जुळणारच, एकाच विषयावर काम करणारे सगळे त्याच मंडळींचे संदर्भ देतात. ४१ चे ३३ झाले. मग दहापेक्षा कमी शब्दांचे तुकडे वगळले, तेव्हा २९. "फ्लोराइड कॉन्सन्ट्रेशन इन द ग्राउंडवॉटर सॅम्पल्स" असले तुकडे कुणाच्या मालकीचे नसतात. म्हणजे एकही वाक्य न बदलता १२ टक्के गेले. कार्यालयाने ही गाळणी लावली असती तर मेलचा सूर वेगळा असता असं मला अजून वाटतं.

उरले २९. त्यात शोधगंगा तीनदा: ११, ६ आणि ४. तीनदा का, तर शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार पीडीएफ करून ठेवलेला असतो, प्रत्येक फाइलचा पत्ता वेगळा, आणि सॉफ्टवेअर प्रत्येकीला स्वतंत्र सोर्स समजतं. पद्धतीचं प्रकरण ११, निकालांचं ६, अभ्यासक्षेत्राचं ४. बेरीज २१. एखाद्या नियतकालिकाची 'एका सोर्समधून अमुक टक्क्यांहून जास्त नको' अशी अट असेल, तर प्रकरणं सुटी मोजून कुणी त्यातून सुटेलही, पण नीट बघणारा संपादक बेरीज करतो. आपणही करावी.

इथपर्यंत मला चित्र सरळ दिसत होतं: २१ टक्के माझा प्रबंध, ८ टक्के इकडतिकडचं. प्रबंधाचे तिन्ही सोर्स रिपोर्टमधून वगळले की ८ उरतील, तो आकडा संपादकांना कळवायचा, विषय संपला. मॅडमनी तिन्ही वगळले. आकडा आला १७.

मला वाटलं काहीतरी चुकीचं क्लिक झालं. मॅडम म्हणाल्या, "नाही हो, हे असंच होतं. वरचा कागद उचलला की खालचा दिसतो." तेच या सगळ्या प्रकाराचं मर्म आहे. रिपोर्टच्या नेहमीच्या दृश्यात एका वाक्याला एकच सोर्स दाखवतात, ज्याच्याशी सर्वांत जास्त जुळतं तो. माझं वाक्य प्रबंधातही असेल आणि पहिल्या पेपरमध्येही, तर ते प्रबंधाच्या खात्यावर पडतं आणि पहिला पेपर यादीत दिसतच नाही. प्रबंध वगळल्यावर तीच वाक्यं पुढच्या सोर्सच्या नावावर वर येतात. ८ ऐवजी १७ आले, याचा अर्थ प्रबंधाच्या २१ पैकी ९ टक्क्यांच्या खाली आणखी कुणीतरी होतं. त्यातले ७ होते माझ्याच पहिल्या, छापून आलेल्या पेपरचे आणि २ केंद्रीय भूजल मंडळाच्या जिल्ह्यावरच्या माहितीपुस्तिकेचे. निव्वळ प्रबंधाशी जुळणारा मजकूर उरला १२ टक्के.

'प्रबंधाशी किती ओव्हरलॅप चालतो?' या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. त्या १२ ला एक न्याय, ७ ला दुसरा आणि २ ला तिसरा.

आधी १२. एल्सेविअर आपल्या लेखकांकडून 'हे काम आधी प्रकाशित झालेलं नाही' असं लिहून घेतं, आणि त्याच वाक्यात अपवाद देतं: सारांश, व्याख्यान किंवा प्रबंधाच्या रूपात असलं तर चालेल. बाकीचे बरेच मोठे प्रकाशकही प्रबंधाला पूर्वप्रकाशन मानत नाहीत. संस्थेच्या भांडारात तो खुला ठेवलेला असला तरी. कारण साधं आहे. प्रबंध हे परीक्षेसाठी सादर केलेलं काम, पेपर त्यातूनच निघायचा असतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या केरी मॉस्कोविट्झ यांच्या टेक्स्ट रिसायकलिंग प्रकल्पाने स्वतःचा मजकूर पुन्हा वापरण्याचे प्रकार वेगळे काढले आहेत. त्यात प्रबंध, अनुदानाचे अर्ज, परिषदेतलं पोस्टर यांतून पेपरमध्ये आलेला मजकूर हा लिखाणाच्या घडणीतला टप्पा मानला जातो आणि तो सर्वसाधारणपणे योग्य धरतात. या मजकुराला टक्क्यांची मर्यादा कुणी घालून दिलेली मला कुठे सापडली नाही. क्रॉसरेफही सांगतं की हा आकडा म्हणजे निकाल नव्हे, माणसाने रिपोर्ट वाचायलाच हवा.

पण 'योग्य' याचा अर्थ 'न सांगता' असा नाही. संपादकाला तो प्रबंध माझाच आहे हे कळणार कसं? माझ्या बाबतीत ही अडचण खरोखरच होती. प्रबंधावर माझं माहेरचं आडनाव, पेपरवर सासरचं, त्यात शोधगंगेवर आडनाव आधी आणि पेपरवर शेवटी. बाहेरच्या माणसाला या दोन वेगळ्या बायका. रिपोर्टवरून त्याला दिसलं असेल ते इतकंच की हिने कुणाच्या तरी प्रबंधातून पाचवा हिस्सा उचललाय! ज्यांचं नाव बदललंय त्यांनी हे पहिल्याच मेलमध्ये स्पष्ट करावं. संशोधकांना ओळख क्रमांक देणाऱ्या ऑर्किडवर दोन्ही नावं नोंदवता येतात, ते मी त्याच दिवशी केलं.

१२ टक्क्यांतही सगळा मजकूर एका तागडीत तोलत नाहीत. रंग कुठे पडलाय ते संपादक बघतात. पद्धतीच्या भागात जुळलं तर फारसं कुणी बोलत नाही. आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडने फ्लोराइड मोजलं, आधी बफर घातला, प्रमाण द्रावणांनी इलेक्ट्रोड तपासून घेतला, हे सांगायचे फार मार्ग नाहीत, आणि उगाच शब्द फिरवले तर पद्धतच बदलल्यासारखी वाटते. प्रस्तावनेत थोडंफार चालतं. निकाल आणि चर्चा यांत मात्र पट्टा दिसला की संपादक थबकतो, कारण पेपरचं नवेपण तिथेच असायला हवं. माझ्या चर्चेतले दोन परिच्छेद प्रबंधातून जसेच्या तसे आले होते. ते नियमाने चालले असते, तरी मी नव्याने लिहिले. प्रबंधात मी परीक्षकाला पटवून देत होते की मला हे येतं, पेपरच्या वाचकाला ते पटवायची गरज नव्हती. चर्चा आखूड झाली, सुधारलीही. पद्धतीचा भाग जवळजवळ तसाच ठेवला.

आता ७. शब्द माझेच, काम माझंच, तरी हे प्रकरण वेगळं. पहिला पेपर छापताना मी कॉपीराइटच्या कागदावर सही केली होती, त्यामुळे तो मजकूर आता प्रकाशकाचा. शिवाय वाचकाला दोन पेपर म्हणजे दोन वेगळी कामं वाटायला हवीत. यूजीसीने एप्रिल २०२० मध्ये काढलेली सूचनाही नेमकी याच गोष्टीवर आहे: आधी प्रकाशित झालेलं स्वतःचं काम संदर्भ न देता पुन्हा वापरायचं नाही. त्यामुळे 'हे तर माझ्या प्रबंधातलं आहे' हे उत्तर या सात टक्क्यांना लागू पडत नव्हतं. ते वाक्य प्रबंधात आहे हे खरं, पण त्यानंतर ते एकदा छापूनही झालंय. प्रबंध वगळून रिपोर्ट बघितला नसता तर हे माझ्या लक्षातच आलं नसतं, आणि 'शोधगंगा वगळा, आकडा बघा' असं मी संपादकांना कळवलं असतं. त्यांनी वगळला असता आणि त्यांना माझा पहिला पेपर दिसला असता. मी तो लपवला असंच त्यांना वाटलं असतं.

ते सात टक्के म्हणजे साडेचारशेच्या आसपास शब्द, बहुतेक नमुने गोळा करण्याचा आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचा भाग. तिथे मी लिहिलं की पावसाळ्याआधीचे नमुने आणि चाचण्या यांचा तपशील आधीच्या पेपरमध्ये दिला आहे, आणि इथे फक्त नंतरच्या हंगामात काय वेगळं केलं ते ठेवलं. दोन पानांचं पाऊण पान झालं. यात एक गोम आहे: काही नियतकालिकांना पद्धत पूर्ण लिहिलेली हवी असते, कारण वाचकाकडे आधीचा पेपर असेलच असं नाही. तिथे संदर्भ देऊन मोजक्या शब्दांत पुन्हा लिहावी लागते. नियतकालिकाच्या सूचनांमध्ये याबद्दल एखादी ओळ असते, ती शोधावी.

सॉफ्टवेअरने ज्या गोष्टीला हात लावला नव्हता ती मात्र मला जास्त धोक्याची वाटली. अभ्यासक्षेत्राचा नकाशा. रिपोर्ट मजकूर वाचतो, चित्र वाचत नाही. पहिल्या पेपरमधला नकाशा दुसऱ्यातही तसाच होता, आणि रिपोर्टमध्ये त्याच्यावर अर्थातच एकही रंग नव्हता. छापलेली आकृती पुन्हा वापरायची तर प्रकाशकाची परवानगी आणि खाली तसा उल्लेख लागतो. मी नकाशा नव्याने काढला, तसाही दोन्ही हंगामांतली फ्लोराइडची पातळी त्यावर दाखवायची होतीच. एका तक्त्याचंही तेच. पावसाळ्याआधीची मूल्यं पहिल्या पेपरमध्ये छापली होती, तुलनेसाठी ती इथे लागणारच. त्या स्तंभाच्या खाली 'ही मूल्यं पूर्वप्रकाशित' अशी टीप घातली. जुनी आकडेवारी नवी म्हणून दिली जाणं हे वाक्यं जुळण्यापेक्षा कितीतरी गंभीर, आणि ते कुठल्याही टक्क्यात दिसत नाही.

माहितीपुस्तिकेच्या दोन टक्क्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जिल्ह्यात कुठे बेसॉल्ट, कुठे चुनखडक, पाणी कुठल्या थरात, हे वर्णन या भागावर लिहिणारा प्रत्येक जण तिथूनच घेतो. माझ्या मजकुरात संदर्भ होता, पण वाक्यांची ठेवण पुस्तिकेचीच होती. प्रबंधातून आलं म्हणून ते माझं होत नाही. ते सहा वाक्यांवरून तीनवर आणलं. उरलेल्या आठमध्ये एक-एक टक्क्याचे सुटे तुकडे होते, त्यातले एक-दोन जरा लांब वाटले ते बदलले.

या काळात एक शॉर्टकटही सुचवला गेला. विद्यापीठांच्या आसपास 'सिमिलॅरिटी कमी करून मिळेल' अशी कामं पानामागे दर लावून होतात. एका विद्यार्थ्याने करून घेतलेला मसुदा मी पाहिलाय. प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द घातलेला, इलेक्ट्रोडचं काहीतरी भलतंच झालेलं. फ्रान्सचे गीयोम काबानाक आणि त्यांचे सहकारी २०२१ पासून असे पिळवटलेले शब्दप्रयोग गोळा करतात, ब्रेस्ट कॅन्सरचं 'बोझम पेरिल' झालेलं त्यांना छापील पेपरांत सापडलं. त्यात टक्के कमी होतात, पण संपादकाच्या दृष्टीने स्वतःच्या प्रबंधाशी मोकळेपणी जुळणारा पेपर बरा.

नवा रिपोर्ट, सूची आणि बारीक तुकडे वगळून, २१ टक्क्यांवर आला: निव्वळ प्रबंध १२, पहिला पेपर २, बाकी ७. चर्चा नव्याने लिहूनही प्रबंधाचे १२ च राहिले, कारण पद्धतीचा भाग आखूड झाल्यावर एकूण शब्दही घटले होते. म्हणजे 'वीसच्या खाली' ही अट मी पाळली नव्हतीच. सर म्हणाले, "आता एका टक्क्यासाठी वाक्यं मोडू नकोस. पत्र नीट लिही."

पत्रात मी चारच गोष्टी मांडल्या. हा पेपर माझ्या पीएचडी प्रबंधावर आधारित आहे, प्रबंध अमुक नावाने अमुक वर्षी सादर केला, तो शोधगंगेवर इथे आहे, आणि ते नाव माझंच. प्रबंधाशी जुळणारा मजकूर मुख्यतः पद्धतीत आहे, कारण काम तेच आहे. प्रबंध वगळल्यावर उरणाऱ्या मजकुरात पहिल्या पेपरचे दोन टक्के आहेत, ते कुठल्या परिच्छेदात आहेत आणि तिथे संदर्भ दिला आहे. पावसाळ्याआधीची आकडेवारी पूर्वप्रकाशित आहे, नंतरची आणि धोक्याची गणितं नवी. पद्धतीच्या भागाच्या सुरुवातीलाही एक वाक्य घातलं की हे काम पहिल्या लेखिकेच्या प्रबंधाचा भाग आहे, आणि प्रबंध संदर्भसूचीत टाकला.

हे वाक्य कुठे घालायचं यात एक पेच असतो. रिव्ह्यूअरला लेखकाचं नाव कळू द्यायचं नाही अशी पद्धत असलेल्या नियतकालिकात प्रबंधाचा उल्लेख केला की ओळख उघडी पडते. तिथे ते वाक्य फक्त संपादकाच्या पत्रात आणि वेगळ्या शीर्षकपृष्ठावर द्यायचं, हस्तलिखितात त्या जागी 'लेखकाचा प्रबंध' इतकंच ठेवायचं आणि स्वीकृतीनंतर भरायचं. माझ्या नियतकालिकात तशी अट नव्हती.

पेपर या वेळी परत आला नाही, थेट रिव्ह्यूला गेला. त्यांच्या मोजणीत आता किती टक्के आले ते त्यांनी कळवलं नाही, मीही विचारलं नाही. रिव्ह्यूअरनी सिमिलॅरिटीबद्दल एक शब्द काढला नाही. एकाने धोक्याच्या गणितात मुलांचं वजन कुठून घेतलं असं विचारलं, दुसऱ्याने नकाशावरची अक्षरं बारीक आहेत म्हणून तक्रार केली.

आता त्याच प्रबंधातला तिसरा पेपर लिहायला घेतलाय, नायट्रेटवरचा. प्रबंधाखाली या वेळी दोन छापील पेपर असणार. म्हणून आधीच एक तक्ता करून ठेवलाय: प्रबंधातली प्रत्येक आकृती आणि तक्ता, आणि त्यापुढे तो पहिल्या पेपरमध्ये गेला, दुसऱ्यात गेला की अजून कुठेच नाही. 'अजून कुठेच नाही' यात जेवढं आहे तेवढाच हा पेपर, आणि तो तक्ता पत्रासोबत पहिल्याच वेळी पाठवायचा आहे.